कौतुक की टोमणा: उत्तर लिहिण्याआधी मराठी मेसेज कसा वाचावा

प्रश्न: मी ग्राहकांच्या मेसेजना उत्तरं लिहिते. परवा एकाने "वा, काय ती सेवा!" असं लिहिलं, मी "मनःपूर्वक आभार" कळवलं आणि तो भडकला. मराठी मेसेज मनापासून लिहिलाय की उपरोधाने, हे आधीच कसं ओळखायचं? आणि मग उत्तराची भाषा कशी ठेवायची?

उत्तर:

मेसेज हातात आला की त्यातली विशेषणं आणि उद्गार बाजूला ठेवा आणि नुसत्या घटना उरू द्या. काय घडलं, कधी घडलं, काय घडायचं राहिलं. मग त्या घटना आणि बाजूला ठेवलेलं कौतुक एकमेकांशी जुळतं का, ते पाहा. ग्राहकांना मराठीत उत्तरं लिहिण्यात आणि नव्या सहकाऱ्यांची उत्तरं तपासण्यात माझी १६ वर्षं गेली. एवढ्या काळात उपरोध ओळखायला सगळ्यात भरवशाची ठरली ती हीच रीत. शब्दांवरून ओळखायला गेलं की फसगत होते, कारण उपरोधाचे आणि मनापासूनच्या कौतुकाचे शब्द एकच असतात. "काय ती सेवा!" हे वाक्य दोन्ही अर्थांनी तितकंच शुद्ध मराठी आहे. शाळेत व्याजस्तुती नावाचा अलंकार शिकवतात, वरून स्तुती आणि आतून निंदा. त्यातसुद्धा खूण शब्दात नसते, प्रसंगात असते.

एक मेसेज घेऊन दाखवते. वॉशिंग मशीनच्या दुरुस्तीची तक्रार होती आणि मेसेज १४ तारखेला आला. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, भाषा तीच ठेवली आहे.

"नमस्कार साहेब. आपल्या तत्परतेला खरोखर तोड नाही. माणूस उद्या नक्की येतो असं ३ तारखेला कळवलंत, तो उद्या अजून उजाडायचा आहे. तक्रार सोडवली म्हणून मेसेज मात्र न चुकता आला हं. ४८ तासांत दुरुस्ती होते म्हणे आपल्याकडे. असो, सावकाश येऊ द्या, आम्हाला काय घाई."

शेवटी हात जोडल्याचं चिन्ह.

आता विशेषणं काढा. ३ तारखेला दुसऱ्या दिवसाचा शब्द दिला. माणूस आला नाही. तरी तक्रार सोडवल्याचा मेसेज गेला. ४८ तासांचं आश्वासन होतं. या चारपैकी एकाही गोष्टीला तत्परता म्हणता येत नाही. मग नोंद उघडली. तक्रार १ तारखेची, ६ तारखेला बंद केलेली आणि भेटीचा रकाना रिकामा. म्हणजे ग्राहकाने लिहिलेली प्रत्येक घटना खरी होती आणि तिच्यावर घातलेलं कौतुक उलटं होतं. इथे निदान पक्कं झालं. पुढच्या खुणांनी त्याला दुजोरा मिळतो, पण नोंद न पाहता फक्त त्या खुणांवर विसंबून मी कधीच निर्णय घेत नाही.

पहिली खूण संबोधनाची. याच माणसाचा १ तारखेचा पहिला मेसेज होता, "मशीन पाणी सोडत नाहीये, तुम्ही कधी पाठवताय माणूस?" तेव्हा साधं "तुम्ही" होतं. १४ तारखेला "साहेब" आणि "आपल्या" आलं. मराठीत राग आला की काही जण "तुम्ही"वरून "तू"वर उतरतात, ते लगेच कळतं. उपरोध करणारा मात्र वर चढतो. "तुम्ही"चं "आपण" होतं, "साहेब"चं "महाराज" किंवा "सरकार" होतं, आणि स्वतःकडे तो "आम्ही पामर" म्हणून खाली येतो. म्हणून एकटा मेसेज वाचू नका, त्याच व्यक्तीचे आधीचे दोन-तीन मेसेज काढा. पहिल्या दिवसापासून "आपण" लिहिणारा माणूस आज "आपण" लिहीत असेल, तर ती त्याची रीत आहे, तिच्यात काही शोधू नका. खूण असते ती चढण्यात.

दुसरी खूण "म्हणे". मराठीतला हा छोटासा शब्द ऐकीव गोष्टीसाठी आहे. "तुमच्याकडे रविवारीही माणूस येतो म्हणे?" असं कुणी विचारलं तर तो सरळ प्रश्न आहे, त्याने कुठेतरी ऐकलं आणि खात्री करून घेतोय. पण जी गोष्ट लिहिणाऱ्याने स्वतः भोगली आहे, तिलाच तो "म्हणे" जोडतो तेव्हा अर्थ पालटतो. या ग्राहकाला ४८ तासांचं आश्वासन आम्हीच दिलं होतं आणि ते खोटं ठरल्याचं त्याने स्वतः पाहिलं होतं. जे डोळ्यांसमोर घडलं ते ऐकीव म्हणून सांगणं, म्हणजे आमचा शब्द हातभर लांब धरून दाखवणं. "म्हणे" दिसला की स्वतःला एवढंच विचारा, ही गोष्ट याने ऐकली आहे की अनुभवली आहे? अनुभवली असेल तर तो टोमणा आहे. इतकी नेमकी दुसरी खूण मला अजून सापडलेली नाही.

"हं", "मात्र", "बरं का" हे शब्द याच कामात हातभार लावतात, पण एकटे काहीच सिद्ध करत नाहीत. "असो" उपरोधाचा नाहीच. तो थकल्याचा आहे. "असो" लिहिणाऱ्याने तुम्हाला पटवून द्यायचं सोडून दिलेलं असतं, त्यामुळे अशा मेसेजला उशीर करू नका.

तिसरी खूण माझ्यासाठी सगळ्यात महाग ठरली आहे. "सावकाश येऊ द्या, आम्हाला काय घाई." कामाच्या दुसऱ्याच वर्षी असंच एक वाक्य मी शब्दशः घेतलं, नोंदीत "ग्राहकाला घाई नाही" असं लिहिलं आणि ती तक्रार रांगेत मागे गेली. त्या घरात आजारी माणूस होतं आणि रोजचे कपडे हाताने धुतले जात होते, हे मला नंतर कळलं. त्याची बोच अजून आहे. फक्त टोन चुकला तर माणूस दुखावतो, पण असं वाक्य चुकीचं वाचलं तर त्याचं कामच मागे पडतं. खरी सवड देणारा माणूस मर्यादा किंवा कारण सांगतो. "आम्ही रविवारपर्यंत बाहेर आहोत, सोमवारनंतर आलात तरी चालेल." टोमणा मारणारा मर्यादा सांगत नाही. त्याची सवड अमर्याद असते, "पुढच्या जन्मी आलात तरी चालेल", किंवा प्रश्नाच्या रूपात येते, "आम्हाला काय घाई". तारीख किंवा कारण नसलेली सवड नोंदीत सवड म्हणून लिहायची नाही, हा नियम मी तेव्हापासून कटाक्षाने पाळते.

हात जोडल्याच्या चिन्हाचं थोडक्यात सांगते. मराठी मेसेजांत ते नमस्कारासाठी, आभारासाठी, विनंतीसाठी आणि "तुमच्यापुढे हात टेकले" यासाठीही येतं. त्यावरून काहीच ठरवू नका. अवतरणचिन्हं मात्र पाहा. 'तत्पर' सेवा असं एखादंच विशेषण अवतरणात असेल, तर तो शब्द लिहिणाऱ्याने तुमच्याच जाहिरातीतून किंवा मेसेजमधून उचललेला असतो. "छाऽऽन" किंवा "वाऽऽऽ" असा लांबवलेला स्वर दोन्हीकडे चालतो. आनंदात माणूस तसंच लांबवतो, म्हणून त्यालाही घटनेची साक्ष लागते.

आता उलटी चूक. उपरोध शोधायची सवय लागली की सरळ माणसाचं कौतुकही वाकडं दिसू लागतं, आणि ही चूक मी नव्या लोकांइतकीच अनुभवी लोकांकडूनही होताना पाहिली आहे. "आपले उपकार जन्मभर विसरणार नाही", "देव तुमचं भलं करो" अशी वाक्यं वयस्कर माणसं अगदी मनापासून लिहितात. "कशाला एवढा त्रास घेतलात!" हे तर अक्षरशः वाचलं तर तक्रारच वाटेल, पण मराठीत ती कृतज्ञता आहे. त्याच्या शेजारी "फोन उचलण्याची तसदी घेतलीत, आभारी आहे" हे ठेवून पाहा. दोन्ही वाक्यांत समोरच्याने कष्ट घेतल्याचं म्हटलं आहे. पहिल्यात ते कष्ट खरोखर मोठे होते, दुसऱ्यात फोन उचलणं हे कर्तव्यच होतं आणि तेही उशिरा झालं. क्षुल्लक कर्तव्याला उपकाराचा दर्जा दिलेला दिसला की तो टोमणा समजा.

मनापासूनचं कौतुक ओळखायची एक चांगली वाट म्हणजे ते कशाचं केलंय ते पाहणं. मनापासून लिहिणारा माणूस कृती सांगतो. "तुमच्याकडच्या त्या ताईंनी दोनदा फोन करून बटणं कशी लावायची ते समजावलं." टोमणा मारणारा भाववाचक नामं वापरतो, तत्परता, कार्यक्षमता, सेवाभाव, कारण सांगण्यासारखी कृती त्याच्या हाती नसते. या खुणेलाही अपवाद आहे. आयुष्यभर कचेरीतला पत्रव्यवहार केलेली माणसं आनंदाचं पत्रही "तत्परतेबद्दल धन्यवाद" असंच लिहितात. तिथे पुन्हा नोंद उघडायची. काम वेळेवर झालेलं असेल, तर "तत्परता" म्हणजे तत्परताच.

रांगड्या भाषेचंही तेच. वऱ्हाडी किंवा कोल्हापुरी वळणाने लिहिलेला मेसेज प्रमाणभाषेची सवय असलेल्याला उर्मट किंवा खोचक वाटू शकतो. "लई भारी काम केलंसा" यात खोच नाही, ती शाबासकी आहे. आपल्या कानाला अनोळखी वाटणारी बोली आणि उपरोध यांची गल्लत करू नका. बोली पूर्ण मेसेजभर सारखी असते. उपरोधात भाषेची पातळी मधेच बदलते, साध्या बोलण्यात एकदम "शतशः आभार" किंवा "आपल्या चरणी विनंती" येतं. अख्खा मेसेज वाचून त्याची नेहमीची पातळी कोणती ते ठरवा आणि ती कुठे तुटते ते पाहा.

वरच्या मेसेजला आमच्या सहकाऱ्याने पहिला मसुदा असा केला होता: "आपणास झालेल्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपल्या संयमाबद्दल आभार. आपल्या तक्रारीचे लवकरात लवकर निराकरण करण्यात येईल." यात एकही अपशब्द नाही, तरी हे उत्तर गेलं असतं तर आग भडकली असती. ग्राहकाने "आपल्या" आणि "तत्परता" वापरून नेमकी याच कचेरी-भाषेची नक्कल केली होती. तीच भाषा परत दिली की त्याची थट्टा खरी ठरते. "संयमाबद्दल आभार" तर जखमेवर मीठ आहे. त्याने संयम दाखवलेला नाही, त्याच्यावर तो लादला गेला आहे. "लवकरात लवकर" हे "उद्या"चंच भावंड. "असुविधा" हिंदीतून येऊन छापील मसुद्यांत रुजलेला शब्द आहे, मराठीत आपण गैरसोय म्हणतो, त्रास म्हणतो.

पाठवलं ते उत्तर असं होतं:

"नमस्कार. तुमची तक्रार १ तारखेची आहे आणि आजपर्यंत आमचा माणूस तुमच्याकडे आलेला नाही. ३ तारखेला दिलेला शब्द आम्ही पाळला नाही, आणि ६ तारखेला दुरुस्ती न करताच तक्रार बंद केली. दोन्ही चुका आमच्या आहेत, माफ करा. तक्रार आज पुन्हा सुरू केली आहे. १५ तारखेला सकाळी १० ते १२ या वेळेत आमचे कारागीर येतील आणि निघण्याआधी तुम्हाला फोन करतील. ही वेळ जमणार नसेल तर सोयीची वेळ इथेच कळवा."

यात "आपण"ला "तुम्ही"ने उत्तर दिलं आहे. आदर कमी झालेला नाही, पण चढवलेली पायरी उतरून दोघं पुन्हा बोलायच्या पातळीवर येतात. ग्राहक खरोखर "आपण" लिहिणारा असता तर मीही "आपण"च ठेवलं असतं. "उद्या" हा शब्द मुद्दाम टाळला, कारण मेसेजमध्ये त्याचीच थट्टा झाली होती. तारीख आणि वेळ लिहिली. उपरोधासाठी वापरलेला कोणताही शब्द उत्तरात परत येऊ देऊ नका, तो दुसऱ्यांदा टोचतो. "तक्रार बंद करण्यात आली" असं कर्ता गाळून न लिहिता "आम्ही बंद केली" असं लिहिलं. ग्राहकाचा अर्धा राग कुणीच जबाबदारी घेत नाही याचा असतो, आणि मराठीत "करण्यात आली" हे रूप जबाबदारी लपवायला फार सोयीचं आहे. माफी मागितली ती चूक नाव घेऊन सांगितल्यावर, सुरुवातीला नव्हे.

उत्तरात "तुमचा उपरोध समजला" किंवा "तुमची नाराजी आम्ही समजू शकतो" असं काहीही नाही. उपरोधाला नाव दिलं की समोरच्याला उघडं पाडल्यासारखं होतं. त्याने राग झाकून सांगितला आहे. ते झाकण काढायचा हक्क त्याचा आहे, आपण फक्त झाकणाखालच्या गोष्टीला उत्तर द्यायचं. विनोदाने परतफेड करण्याचा मोह तर पूर्ण टाळा. मित्रामित्रांत टोमण्याला टोमणा चालतो, कारण तिथे दोघं बरोबरीचे असतात. इथे मशीन त्याचं बंद आहे.

उत्तराच्या भाषेचा एक खास मराठी पेच आहे. मराठी मेसेजच्या शेवटी "बहुत बढ़िया, लगे रहो" असं एखादं हिंदी वाक्य येतं, किंवा "वेल डन" येतं. काही जण लगेच हिंदीत किंवा इंग्रजीत उत्तर देतात. मराठी आणि हिंदीची लिपी एकच असल्यामुळे भाषा आपोआप ओळखणारी यंत्रणाही कधी कधी मेसेज हिंदीच्या रांगेत टाकते. उपरोधात दुसऱ्या भाषेचं वाक्य म्हणजे वेगळा आवाज काढून बोलणं असतं, ती भाषा बदलायची विनंती नसते. ज्या भाषेत घटना सांगितल्या आहेत, ती त्याची भाषा. उत्तर तिच्यातच द्या. घटनाच हिंदीत असतील तर हिंदीत.

मेसेज रोमन अक्षरांत असेल तर जास्त सावध राहा. तिथे ल आणि ळ, न आणि ण एकच होतात, ऱ्हस्व-दीर्घ बहुतेक वेळा हरवतात, आणि वाक्याची चाल कळायला मदत करणारे अनुस्वारही नीट दिसत नाहीत. अशा मेसेजमध्ये मी खुणा मोजतच नाही, थेट नोंद उघडते. उत्तर मी देवनागरीत, लहान वाक्यांत देते. घाईत रोमन टाइप करणाऱ्याला देवनागरी वाचायला सहसा अडचण नसते. त्याने तसं सांगितलं, तर मात्र त्याच्या लिपीत लिहा.

आणि कधी कधी काहीच ठरत नाही. "वा, झालं एकदाचं काम!" एवढाच मेसेज, आणि नोंदीत काम दोन दिवस उशिरा झालेलं. "एकदाचं"मध्ये सुटका आहे आणि थोडा दोषही आहे, पण कोणतं जास्त ते त्या माणसालाच माहीत. तिथे दोन्ही अर्थांना चालेल असं उत्तर लिहा: "काम काल संध्याकाळी पूर्ण झाल्याची नोंद आहे. ठरल्यापेक्षा दोन दिवस जास्त लागले, ते व्हायला नको होतं. मशीन आता नीट चालतंय ना, एवढं कळवा." माणूस खूश असेल तर तो "हो, मस्त चालतंय" म्हणतो. चिडलेला असेल तर उशीर आपण आधीच मान्य केलेला आहे. यात "आभार" नाहीत, हे पाहा. शंका असताना आभार मानू नका. उपरोधाला आभार दिले तर माणूस दुप्पट दुखावतो, आणि खऱ्या कौतुकाला आभार न मिळाल्याने फार काही बिघडत नाही, ते पुढच्या मेसेजमध्ये देता येतात.

तुमच्या परवाच्या मेसेजचं अजून हातात आहे. "वा, काय ती सेवा!" लिहिणाऱ्याची नोंद उघडा, काय राहिलं ते शोधा आणि आजच दुसरा मेसेज पाठवा. खुलासा नको, "तुमचा मेसेज चुकून कौतुकाचा वाटला" असंही नको, त्याने त्याला पुन्हा तेच आठवेल. एवढंच लिहा: "परवा मी तुमच्या मेसेजला घाईत उत्तर दिलं, ते चुकलं. नोंद पाहिली. तुमचं अमुक काम अमुक तारखेपासून राहिलं आहे. ते अमुक तारखेला, अमुक वेळेत होईल आणि झाल्यावर मी स्वतः तुम्हाला फोन करेन." आणि तो फोन ठरलेल्या दिवशी खरंच करा. अशा वेळी मी तारीख पाठवण्याआधी ती कारागिराकडून पक्की करून घेते. पहिल्या चुकीनंतर दिलेली तारीख हुकली की पुढचा मेसेज उपरोधाचाही येत नाही, माणूस थेट दुसरीकडे जातो.